सूचना छोटी करताना ‘नाही’, ‘वगळता’ आणि ‘तरच’ कसे वाचवायचे

घोडबंदर रस्त्यावरच्या कुठल्याही मोठ्या सोसायटीत एक सूचना साधारण चार वेळा छोटी होते. सचिवांनी लेटरहेडवर लिहिलेली पानभर सूचना आधी फलकावर अर्ध्या पानात उतरते, मग व्हॉट्सअॅपवर पाच ओळींत, मग इंटरकॉमवर सुरक्षारक्षकाच्या एका वाक्यात आणि शेवटी घरात ‘अगं, उद्या पाणी नाही’ एवढ्यावर येते. या प्रवासात तारीख टिकते, वेळ टिकते, विषयही टिकतो. गळतो तो ‘ड विंग वगळता’ हा तुकडा, ‘परवानगीशिवाय’ हा शब्द आणि वाक्याच्या शेवटचा ‘नये’. हे जवळजवळ प्रत्येक वेळी याच क्रमाने होते, कारण त्याची कारणे भाषेत आणि मजकूर छोटा करण्याच्या आपल्या सवयीत आहेत.

खाली एकच सूचना घेतली आहे, टाकी सफाईची. ती नमुना म्हणून रचलेली असली तरी ठाण्यात किंवा नवी मुंबईत राहणाऱ्याला अनोळखी वाटणार नाही.

> सर्व सभासदांना कळविण्यात येते की, सोसायटीच्या भूमिगत व गच्चीवरील टाक्यांची वार्षिक सफाई गुरुवार दि. १४ रोजी सकाळी १० ते संध्याकाळी ५ या वेळेत करण्याचे योजिले आहे. या काळात ड विंग वगळता सर्व विंगचा पाणीपुरवठा बंद राहील. ड विंगच्या टाक्या स्वतंत्र असून त्यांची सफाई मागील महिन्यात झालेली आहे. महापालिकेने त्या दिवशी शटडाऊन जाहीर केल्यास सफाई होणार नाही व ती शनिवार दि. १६ रोजी वरील वेळेत करण्यात येईल. फ्लशसाठीचा बोअरवेलचा पुरवठा, वीज गेली नाही तर, सुरू राहील. सफाईनंतर टाक्यांत क्लोरीन टाकण्यात येणार असल्याने कार्यालयाकडून पाणी योग्य असल्याची सूचना आल्याशिवाय ते पिण्यासाठी वा स्वयंपाकासाठी वापरू नये. धुणी-भांड्यांसाठी वापरण्यास हरकत नाही. सचिवांच्या लेखी परवानगीशिवाय खासगी टँकर आत सोडला जाणार नाही. होणाऱ्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत. सर्वांनी सहकार्य करावे, ही विनंती.

घाईत केलेला गोषवारा बहुतेक वेळा असा निघतो:

> गुरुवार १४ रोजी टाकी सफाई. सकाळी १० ते सं. ५ पाणी बंद. फ्लशचे पाणी सुरू राहील. सफाईनंतर टाकीत क्लोरीन टाकण्यात येईल. टँकरसाठी सचिवांची परवानगी घ्यावी. सहकार्य करावे.

वाचायला हा मजकूर मूळ सूचनेपेक्षा सोपा आहे आणि त्यातले एकही वाक्य उघडपणे खोटे वाटत नाही. तरी ड विंगमधली मंडळी बुधवारी रात्री विनाकारण बादल्या भरत बसतील. शटडाऊन आला तर सफाई शनिवारी आहे हे कोणालाच कळणार नाही. सगळ्यात वाईट हाल क्लोरीनच्या वाक्याचे झाले आहेत. मूळ सूचनेत क्लोरीन हे पाणी न पिण्याचे कारण होते. गोषवाऱ्यात कारण उरले आणि मनाई गेली. त्यामुळे वाचणारा त्याचा अर्थ उलट लावतो, की क्लोरीन टाकलंय म्हणजे पाणी आता जास्तच स्वच्छ! संध्याकाळी सव्वापाचला नळाला पाणी आले की तो पहिला हंडा पिण्याचाच भरणार.

हेच शब्द आधी का जातात

पहिले कारण मराठी वाक्याच्या घडणीत आहे. आपला नकार क्रियापदाला चिकटून वाक्याच्या शेवटी येतो: वापरू नये, लागू नाही, होणार नाही. मजकूर छोटा करताना मात्र आपण पहिली कात्री क्रियापदालाच लावतो. फलकावरची भाषा नामांची असते. ‘टाकी सफाई’, ‘पाणी बंद’, ‘टँकर – परवानगी’ असे तुकडे पुरतात, क्रियापद वाचणाऱ्याने मनात भरून घ्यायचे. होकारी वाक्यात हे चालून जाते, कारण गाळलेले ‘आहे’ किंवा ‘राहील’ कोणीही भरतो. पण क्रियापदाबरोबर ‘नये’ गेला असेल तर तो कोणी मनाने भरत नाही. गाळलेली जागा सगळे जण होकारानेच भरतात.

दुसरे कारण म्हणजे छोटे करताना आपण स्वतःला विचारतो, ‘हे कशाबद्दल आहे?’ या प्रश्नाचे उत्तर नामे आणि आकडे देतात. ‘टँकर’ आणि ‘परवानगी’ हे शब्द ठेवले की विषय आला असे वाटते. ‘परवानगीशिवाय सोडला जाणार नाही’ आणि ‘परवानगी घ्यावी’ ही दोन्ही वाक्ये टँकरच्या परवानगीबद्दलच आहेत. पण पहिले फाटकावरच्या रक्षकाला हुकूम देते आणि दुसरे रहिवाशाला सल्ला. दुसरे वाक्य वाचलेला रक्षक टँकर थांबवणार नाही, कारण त्याला तसे कोणी सांगितलेलेच नाही.

तिसरे कारण आकड्यांचे आहे. नियम दोनशे घरांना लागू असतो आणि अपवाद चाळीस घरांना. जागा कमी पडली की चाळिसांना वगळणे व्यवहाराचे वाटते. पण दोनशे घरांना ‘पाणी बंद’ एवढे एकदा कळले की झाले. सूचना नीट वाचून काही ठरवायचे असते ते त्या चाळिसांनाच.

चौथे कारण स्मरणाचे. रूथ मेयो, याकोव शूल आणि यूजीन बर्नस्टाइन या मानसशास्त्रज्ञांनी नकार मनात कसा साठवला जातो यावर २००४ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. नकाराला तयार विरुद्धार्थी शब्द असेल, तर माणूस नकार त्या शब्दात रूपांतरित करून लक्षात ठेवतो. तसा शब्द नसेल, तर मनात मूळ कल्पना आणि तिच्यावर लावलेली ‘नाही’ची चिठ्ठी असे दोन भाग राहतात, आणि काही वेळाने चिठ्ठी गळून पडू शकते. ‘ड विंगला बंद नाही’ हे ‘ड विंगला सुरू’ असे सहज लक्षात राहते, कारण ‘बंद’च्या समोर ‘सुरू’ तयार आहे. ‘पिण्यासाठी वापरू नये’ याला असा एका शब्दाचा जोडीदार नाही. म्हणून फोनवर ऐकलेल्या सूचनेतून नेमका तोच नकार निसटतो. पुढच्या पायऱ्यांमध्ये या गोष्टीचा उपयोग होईल.

शेवटचे कारण मात्र सगळ्यात अडचणीचे आहे. अपवाद गेला की मागे भोक उरत नाही. कर्ता गाळला तर वाक्य लंगडते आणि वाचताना खटकते. ‘ड विंग वगळता’ गाळले तर वाक्य उलट जास्त गुळगुळीत होते. त्यामुळे गोषवारा पुन्हा पुन्हा वाचून ही चूक सापडत नाही. ती फक्त मूळ मजकुराशी ताडून सापडते, आणि तेही काय शोधायचे हे आधी ठरवले असेल तरच.

पायरी १ : कापण्याआधी खुणा

मूळ सूचना छापील घ्या आणि पेन्सिल घ्या. स्क्रीनवर हे काम नीट होत नाही, कारण डोळा ओळ वाचण्याऐवजी चाळतो. एकही शब्द कापण्याआधी पूर्ण मजकुरातून फक्त खुणा करत एकदा जा. शोधायचे शब्द तीन प्रकारचे असतात.

नकाराचे शब्द म्हणजे नाही, नये, नका, नको, न. यांच्यासोबत छुपे नकारही धरा: बंद, रद्द, मनाई, तहकूब, आणि ‘विना’, ‘बिन’ लागलेले शब्द. यांना गोल करा.

अटीचे आणि अपवादाचे शब्द म्हणजे शिवाय, खेरीज, वगळता, सोडून, व्यतिरिक्त, तर, तरच, अन्यथा, मात्र, परंतु, जोपर्यंत, येईपर्यंत. यात क्रियापदाला जोडून येणारी अट हमखास सुटते: ‘केल्यास’, ‘आल्यास’, ‘असल्यास’. ती वेगळा शब्द म्हणून दिसत नाही, म्हणून नजरेतून जाते. यांना चौकट करा.

तिसरा प्रकार मर्यादेचा: फक्त, केवळ, किमान, जास्तीत जास्त, आणि शब्दाला चिकटलेला ‘च’. यांच्याखाली नागमोडी रेघ ओढा.

‘शिवाय’ला चौकट करताना थांबून वाचा, कारण तो दोन विरुद्ध कामे करतो. ‘परवानगीशिवाय’मध्ये तो ‘नसताना’ असे सांगतो. ‘शिवाय, गच्चीही बंद राहील’ यात तो नुसता ‘आणखी’ असतो. चौकट फक्त पहिल्याला.

आपल्या नमुन्यात दहा खुणा निघतात: वगळता, बंद, केल्यास, होणार नाही, गेली नाही तर, आल्याशिवाय, वापरू नये, हरकत नाही, परवानगीशिवाय, सोडला जाणार नाही. हा दहाचा आकडा समासात लिहून ठेवा.

पायरी २ : जोड्या बांधा

सुटी खूण निरुपयोगी असते. प्रत्येक अट कुठल्या नियमाची आहे हे ठरवून दोन्ही एकत्र बांधा. आपल्या दहा खुणांच्या सहा गाठी होतात:

- पाणी बंद, ड विंग वगळता.
- शटडाऊन जाहीर केल्यास गुरुवारी सफाई नाही, शनिवारी.
- फ्लश सुरू, वीज गेली नाही तर.
- सूचना आल्याशिवाय पिण्यास-स्वयंपाकास वापरू नये.
- धुणी-भांड्यांना हरकत नाही.
- लेखी परवानगीशिवाय टँकर नाही.

यापुढे गाठ पूर्ण ठेवायची किंवा पूर्ण टाकायची, अर्धी ठेवायची नाही. जागा नसेल तर फ्लशचा उल्लेखच करू नका, ते परवडते. ‘फ्लश सुरू’ एवढेच लिहिणे परवडत नाही. पूर्ण गाठ टाकली की वाचणाऱ्याला त्या बाबतीत काही माहीत नसते, आणि तो विचारतो. अर्धी गाठ ठेवली की त्याला चुकीचे माहीत असते, आणि तो विचारत नाही.

जागा हवी असेल तर ती गाठींच्या बाहेर मिळते. ‘कळविण्यात येते की’, ‘करण्याचे योजिले आहे’, दिलगिरी, सहकार्याची विनंती, ड विंगच्या टाक्या मागच्या महिन्यात धुतल्याची हकीकत, हे सगळे गाठींबाहेरचे आहे. नमुन्यात एवढ्यावरच जवळपास पाव हिस्सा मजकूर जातो. सोसायटीच्या सूचनांमध्ये सहसा इतपत पाल्हाळ असतेच, त्यामुळे अटींवर कात्री चालवण्याची गरज वाटते तितकी नसते.

पायरी ३ : नकार पलटवा, पण जपून

आता प्रत्येक गाठ लहान करायची. ‘नाही’ टिकवण्याचा सगळ्यात खात्रीचा मार्ग म्हणजे त्याची गरजच संपवणे. जिथे नेमका विरुद्धार्थी शब्द आहे तिथे तो वापरा. ‘ड विंग वगळता बंद’ याचे ‘अ, ब, क – बंद; ड – सुरू’ असे होते. इथे अपवाद हा अपवाद राहिलाच नाही, त्याची स्वतंत्र बातमी झाली. पुढे कोणी ही ओळ तोडली तरी ‘ड – सुरू’ हा तुकडा एकटाही खराच राहतो.

दुहेरी नकाराला जास्त काळजी लागते. ‘परवानगीशिवाय सोडला जाणार नाही’ यात दोन नकार आहेत आणि ते मिळून एक अट होते. यातला एकच गळला तर वाक्य थेट उलटते: ‘परवानगीशिवाय सोडला जाईल’. म्हणून अशी वाक्ये कधीही शब्द गाळून छोटी करू नका, पूर्ण पलटवा. ‘लेखी परवानगी असेल तरच टँकर आत.’ एकही नकार उरला नाही आणि अर्थ तोच आहे.

मात्र ‘तरच’मधला ‘च’ सांभाळा. ‘परवानगी असेल तर टँकर आत’ हे वाक्य परवानगी नसेल तर काय करायचे ते सांगतच नाही. एरवी बोलताना आपण तो अर्थ समजून घेतो, पण रात्री टँकर दारात उभा असताना चालक रक्षकाशी वाद घालतो तो याच फटीतून. ‘लेखी’ या शब्दाचेही तसेच. तो विशेषण म्हणून कापला जातो, आणि मग ‘सेक्रेटरींशी फोनवर बोलणं झालंय’ एवढ्यावर फाटक उघडते.

पलटवताना तीन ठिकाणी फसगत होते. ‘आवश्यक नाही’ म्हणजे ‘मनाई’ नव्हे. ‘हरकत नाही’ म्हणजे ‘वापरा’ नव्हे, ते फक्त ‘चालेल’. आणि ‘सर्वांना लागू नाही’ म्हणजे ‘कोणालाही लागू नाही’ असेही नव्हे. पलटवलेले वाक्य मूळ वाक्याशेजारी लिहून पाहा. एकातून दुसरे निघते, आणि दुसऱ्यातून पहिलेही निघते का? दोन्ही बाजूंनी जमत नसेल तर पलटवू नका, नकार आहे तसा ठेवा.

पायरी ४ : तुकडा गळलाच तर कुठल्या बाजूला पडेल

पिण्याच्या पाण्याची गाठ सगळ्यात अवघड आहे, म्हणून ती सविस्तर पाहू. मूळ वाक्य: ‘कार्यालयाकडून पाणी योग्य असल्याची सूचना आल्याशिवाय ते पिण्यासाठी वा स्वयंपाकासाठी वापरू नये.’

पहिला प्रयत्न असा: ‘ऑफिसचा मेसेज येईपर्यंत पाणी पिण्यासाठी वापरू नये.’ अर्थ बरोबर आहे, पण सगळा भार शेवटच्या ‘नये’वर आहे. मोबाइलच्या नोटिफिकेशनमध्ये ओळ मध्येच तुटली की ‘ऑफिसचा मेसेज येईपर्यंत पाणी पिण्यासाठी वाप…’ एवढेच दिसते. शिवाय ‘स्वयंपाक’ गळला आहे, म्हणजे मनाईची व्याप्ती निम्मी झाली.

दुसरा प्रयत्न: ‘मेसेज येईपर्यंत पिणे-स्वयंपाक टाळा.’ लांबी छान, पण ‘टाळा’ सल्ल्यासारखे वाटते. मूळ वाक्यात मनाई आहे. शिवाय ‘पिणे टाळा’ हे ऐकायलाही विचित्रच!

तिसरा प्रयत्न: ‘पिणे-स्वयंपाकासाठी आधी भरून ठेवलेलेच पाणी, ऑफिसचा मेसेज येईपर्यंत.’ इथे नकाराच्या जागी करायची कृती आली. आता यातला कुठलाही भाग गळवून पाहा. शेवटची अट गळली तर माणूस गरजेपेक्षा जास्त वेळ साठवलेले पाणी पिईल, नुकसान काही नाही. ‘च’ गळला तरी सूचना सुरक्षित बाजूलाच राहते. म्हणजे हे वाक्य मोडले तरी धोक्याच्या बाजूला पडत नाही. पिण्याचे पाणी, औषध, गॅस, वीज, लिफ्ट या विषयांत प्रत्येक गाठीला हा प्रश्न विचारा: याचा अर्धा भाग हरवला तर उरलेला माणसाला कुठे नेईल?

एक अडचण आहे. ‘आधी भरून ठेवलेले’ हे मूळ सूचनेत नव्हते, ते गोषवारा करणाऱ्याने घातले. अर्थाने ते त्यातूनच निघते, पण नवे शब्द घातले की सचिवांना एकदा दाखवून घ्यायचे. छोटे करणाऱ्याला आपल्या मनाने नियम वाढवण्याचा अधिकार नसतो, भले वाढवलेला नियम शहाणपणाचा असो.

पायरी ५ : जागा

अपवाद वाक्याच्या पुढच्या भागात आणा, आणि शक्य असेल तर ज्याला तो लागू आहे त्याच्या नावाने ओळ सुरू करा. ‘ड :’ अशी ओळ सुरू झाली की ड विंगमधला माणूस थांबतो. अपवाद कंसात टाकू नका. पुढे पाठवणारा माणूस पहिल्यांदा कंस काढतो, त्याला तो फालतू तपशील वाटतो. तारांकन आणि तळटीपही तशीच: फलकावर दिसते, पण फोनवर वाचून दाखवताना कोणी तळटीप वाचत नाही.

सगळे जमून आले की गोषवारा असा होतो:

> टाकी सफाई : गुरु. १४, स. १० ते सं. ५. त्या दिवशी महापालिकेचा शटडाऊन आल्यास शनि. १६, वेळ तीच.
> अ, ब, क : पाणी बंद. ड : पाणी सुरू.
> अ, ब, क – पिणे-स्वयंपाकासाठी आधी भरून ठेवलेलेच पाणी, ऑफिसचा ‘पाणी ठीक’ मेसेज येईपर्यंत. धुणी-भांडी नळाच्या पाण्याने चालतील.
> फ्लश : वीज असेल तरच.
> टँकर : सचिवांची लेखी परवानगी असेल तरच आत.

मूळ सूचनेच्या साधारण निम्म्या लांबीत सहाही गाठी शाबूत आहेत. तिसऱ्या ओळीत ‘अ, ब, क’ पुन्हा लिहिले आहे. ते कापावेसे वाटेल, पण नाहीतर ड विंगची मंडळीही मेसेजची वाट बघत बसतील.

पायरी ६ : तपासणी

समासातल्या दहाच्या आकड्याकडे परत या. प्रत्येक खुणेपुढे तीनपैकी एक अक्षर लिहा: ठ म्हणजे ठेवली, प म्हणजे पलटवली, ट म्हणजे गाठीसकट टाकली. ज्या खुणेपुढे यातले काहीच लिहिता येत नाही, ती हरवली आहे. इथे नुसती मोजणी पुरत नाही, कारण पलटवल्यावर ‘नाही’ची संख्या मुद्दामच कमी झालेली असते.

मग मूळ सूचना न वाचलेल्या कोणाला तरी गोषवारा द्या आणि प्रश्न विचारा. प्रश्न गाठींवरूनच तयार करायचे. ड विंगला गुरुवारी दुपारी पाणी असेल का? सहा वाजता नळाच्या पाण्याने वरण लावता येईल का? शटडाऊन आला तर सफाई कधी? सेक्रेटरींनी फोनवर ‘हो’ म्हटले तर टँकर आत येईल का? उत्तरे ‘हो’, ‘नाही’ किंवा ‘यावरून सांगता येत नाही’ या तीनच प्रकारांत घ्या.

‘सांगता येत नाही’ या उत्तराला घाबरू नका. ते म्हणजे माहिती टाकली, पण खोटी दिली नाही. चिंता करायची ती ठाम पण चुकीच्या उत्तराची. सुरुवातीच्या घाईच्या गोषवाऱ्यावर हेच प्रश्न विचारले, तर वरणाच्या प्रश्नाला बहुतेक जण बेधडक ‘हो’ म्हणतील, आणि चूक नेमकी तिथेच आहे. ठाम चुकीचे एकही उत्तर आले तर ती गाठ पुन्हा बांधा.

उत्तरे द्यायला स्वतःला निवडू नका. मूळ मजकूर वाचलेल्या माणसाला गाळलेला अपवाद गोषवाऱ्यातही दिसत राहतो.

पैशांच्या मजकुरात

पाण्याच्या सूचनेतली चूक दोन दिवसांत विसरली जाते, पण बिलातली वर्षानुवर्षे चालते. भाड्याने दिलेल्या सदनिकेवरचे भोगवटेतर शुल्क हे त्याचे उत्तम उदाहरण. राज्य सरकारच्या १ ऑगस्ट २००१ च्या आदेशानुसार हे शुल्क सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त असता कामा नये, आणि हे टक्के काढताना महापालिकेचे कर वगळायचे असतात. इतिवृत्तात, बिलाच्या टिपेत आणि मग खजिनदारांच्या तक्त्यात उतरता उतरता याचे ‘भाडेकरू – १० टक्के’ होते. त्यात तीन गोष्टी गेल्या. ‘पेक्षा जास्त नको’ गेले, म्हणून कमाल मर्यादा हाच दर झाला. ‘सेवाशुल्काच्या’ गेले, म्हणून टक्के पूर्ण बिलावर लागले. आणि ‘कर वगळून’ अर्थातच गेले.

समजा वाशीतल्या एका सदनिकेचे मासिक बिल ४,५०० रुपये आहे. त्यात सेवाशुल्क २,२००, मालमत्ता कर ९०० आणि दुरुस्ती व सिंकिंग फंड मिळून १,४०० आहेत. नियमाने शुल्क जास्तीत जास्त २२० रुपये होते, तक्त्यातून ४५० येतात. महिन्याला २३० रुपये जास्त, वर्षाला २,७६०. सभासदाने हिशेब मागेपर्यंत कोणाला पत्ता लागत नाही, कारण ‘१० टक्के’ हा आकडा दोन्हीकडे तोच दिसतो. आकड्याच्या मजकुरात म्हणूनच ‘कशाचे’, ‘किती कमाल’ आणि ‘काय वगळून’ हे तिन्ही त्या आकड्याच्या गाठीतच बांधायचे, आणि तक्त्यातल्या स्तंभाचे नाव ‘१० टक्के’ न ठेवता ‘सेवाशुल्काच्या कमाल १० टक्के, कर सोडून’ असे ठेवायचे. स्तंभ रुंद होतो, होऊ द्या.

करारनामा, उपविधी, न्यायालयाचा आदेश आणि डॉक्टरांनी लिहिलेली मात्रा यांच्या बाबतीत मात्र हा खटाटोप करूच नये. तिथे संबंधित परिच्छेद जसाच्या तसा चिकटवा आणि वर एका ओळीत फक्त विषय लिहा.

फाटकापर्यंत

लेखी गोषवारा कितीही चांगला असला तरी इंटरकॉमवर तो वाचून दाखवला जात नाही, सांगितला जातो. ‘दादा, पाणी कधी येणार?’ असे विचारणाऱ्या आजींना रक्षक पाच ओळी ऐकवणार नाही. त्यामुळे त्याच्यासाठी तिसरी आवृत्ती तुम्हीच लिहून द्या, नाहीतर ती तो स्वतः तयार करेल. ती दोनच वाक्यांची असावी, आणि त्यात वेळेपेक्षा धोक्याच्या गाठीला जागा द्या: ‘पाच वाजता येईल, आजी. पण प्यायला भरून ठेवलेलंच घ्या, ऑफिसचा मेसेज आला की मग नळाचं.’ रक्षक हिंदीत बोलत असेल तर हिंदीतही लिहून द्या, भाषांतराचे काम त्याच्या अंगावर टाकू नका. टँकरची ओळ वेगळ्या कागदावर, फाटकाच्या केबिनमध्ये, कारण ती रहिवाशांसाठी नाहीच.

राहता राहिला तो ‘पाणी ठीक’ मेसेज. आपण पूर्ण सूचना त्याच्यावर टांगली आहे, आणि नेमका तोच पाठवायचा बऱ्याचदा राहून जातो. म्हणून तो कोण पाठवणार हे गुरुवारच्या आधी ठरवा. पाठवताना नुसता अंगठा किंवा ‘झाले’ असे लिहू नका. ‘अ, ब, क : टाकीचे पाणी आता पिण्यास-स्वयंपाकास ठीक’ असे पूर्ण लिहा, म्हणजे सफाई झाली की पाणी पिण्याजोगे झाले, हा गोंधळ होणार नाही. सफाई लांबली किंवा पाणी तपासणे सकाळवर गेले, तर रात्री नऊच्या सुमारास ‘पिण्यासाठी अजून भरलेलेच पाणी, पुढचा मेसेज सकाळी’ असा मेसेज टाका. काहीच आले नाही तर साडेनऊपर्यंत निम्मी घरे धरून चालतात की पाणी ठीकच असणार.